आठवड्याची शंभर निमंत्रणं आणि महिन्याच्या पाच चिठ्ठ्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला फोन केला तेव्हा सांगितलं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, आपल्या मुलामुलींना नोकरीच्या उपयोगाचं काहीतरी सांग. पण वीस मिनिटांत.’ वीस मिनिटांत सगळं सांगता येत नाही, म्हणून मी एकच छोटा विषय घेतला आहे. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला ओळखीचं निमंत्रण पाठवायचं असेल तर ते कोणाला पाठवावं, आणि सोबतच्या चिमूटभर जागेत काय लिहावं, एवढाच.

ज्यांनी ते वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिंक्डइन म्हणजे नोकरीधंद्यातल्या माणसांची वही. प्रत्येकाचं एक पान असतं, त्यावर शिक्षण, नोकऱ्या, गाव. एखाद्याच्या पानावर Connect हे बटण दाबलं की त्याला तुमचं निमंत्रण जातं. त्याने ते स्वीकारलं की तुम्ही एकमेकांना हवं तेव्हा निरोप पाठवू शकता. स्वीकारेपर्यंत मात्र तुम्ही दाराबाहेर उभे.

या दारावर दोन पहारे आहेत. पहिला पहारा आठवड्याचा. एका आठवड्यात किती निमंत्रणं पाठवता येतील याला मर्यादा आहे. कंपनी नेमका आकडा जाहीर करत नाही, पण साध्या खात्याला तो शंभराच्या आसपास लागतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. तो सगळ्यांना सारखा नसतो. तुमची बरीच निमंत्रणं लोकांनी बाजूला सारली असतील, किंवा ‘मी या व्यक्तीला ओळखत नाही’ असं कळवलं असेल, तर तुमचा पहारा आणखी कडक होतो. दुसरा पहारा चिठ्ठीचा. निमंत्रणासोबत Add a note दाबून चार ओळी लिहिता येतात, पण पैसे न भरता वापरणाऱ्याला त्यासाठी फक्त २०० अक्षरांची जागा मिळते, आणि अशा चिठ्ठ्याही महिन्याला मोजक्याच, साधारण पाच, काही खात्यांना त्याहून कमी. किती उरल्या ते पडद्यावर दिसतं. पैसे भरणाऱ्यांना चिठ्ठीत ३०० अक्षरं मिळतात.

म्हणजे हिशेब असा झाला: नुसती निमंत्रणं आठवड्याला शंभर, पण चिठ्ठीसह निमंत्रणं महिन्याला पाच. बहुतेक मुलं शंभराच्या मागे लागतात. मला वाटतं, सगळा खेळ त्या पाचांचा आहे.

हे नुसतं बोलून समजणार नाही, म्हणून एक खरं उदाहरण सांगते. माझ्या मावसबहिणीची मुलगी आपल्याच शाळेची. तिचं नाव सांगत नाही. ती आज मागे कुठेतरी बसलेली आहे आणि मला डोळे वटारून बघते आहे. रोह्याला केमिस्ट्रीत बीएस्सी केलं आणि धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये लागली. ठेकेदारामार्फत, करारावर. दोन वर्षं झाली आणि कळलं की करार ३१ मार्चला संपतोय, पुढे वाढवायचा की नाही ते ठरलेलं नाही. घरात कमावणारी तीच. हे जानेवारीतलं.

तिला औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये जायचं होतं, तळोज्याला किंवा नवी मुंबईत. अडचण एकच होती. औषधांच्या लॅबमध्ये एचपीएलसी नावाचं यंत्र चालवता यावं लागतं. नळीतून द्रव जाताना मिश्रणातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात आणि त्यावरून कशात काय किती आहे ते कळतं. तिच्या लॅबमध्ये मुख्य काम टायट्रेशनचं. ब्युरेट, पिपेट आणि रंग बदलला की थांबायचं.

तिने त्याआधी दोन महिने लिंक्डइनवर जे हाताला लागेल ते केलं होतं. रोज रात्री जेवण झालं की ‘ओळखीचे असू शकतात’ या यादीतल्या माणसांपुढचं Connect दाबत जायचं. एचआर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट, सगळे. एक दिवस पडद्यावर सूचना आली की या आठवड्याची मर्यादा संपली. तेव्हा तिने मला फोन केला, ‘मावशी, माझं खातं बंद पडलं का?’

खातं बंद पडलं नव्हतं. ही सूचना आली तर घाबरायचं नाही, आठवडा सरला की पुन्हा पाठवता येतं. पण मी तिला म्हटलं, आधी पाठवलेल्यांचं काय झालं ते बघू. My Network मध्ये Manage आणि त्यात Sent उघडलं की उत्तर न आलेल्या निमंत्रणांची यादी दिसते. तिच्या यादीत तीनशेहून जास्त नावं होती. यातली निम्मी माणसं कोण आहेत हे तिलाही सांगता येईना.

इथे पहिली समजून घ्यायची गोष्ट आहे. उत्तर न आलेलं निमंत्रण म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे. ते तुमच्या नावावर पडून राहतं. लिंक्डइन एखाद्याच्या निमंत्रणांवर बंधन घालतं त्याची कारणं त्यांनी स्वतःच दिलेली आहेत: थोड्या वेळात फार निमंत्रणं पाठवणं, आणि पाठवलेल्यांपैकी बरीच नाकारली जाणं, पडून राहणं किंवा नको असलेली म्हणून कळवली जाणं. म्हणजे आपण पाठवत गेलो तसतसं आपलं पुढचं दार अरुंद होत जातं.

आम्ही दोघी फोनवर बोलत बोलत ती यादी साफ करायला बसलो. प्रत्येक नावापुढे Withdraw आहे. ते दाबलं की निमंत्रण मागे येतं आणि समोरच्याला त्याची सूचना जात नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. मागे घेतलं म्हणून त्या आठवड्याची मर्यादा परत मिळत नाही. आणि ज्याचं मागे घेतलं त्याला पुन्हा पाठवायचं तर तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून जिला खरोखर चिठ्ठी लिहायची आहे अशी व्यक्ती त्या यादीत सापडली, तर तिचं निमंत्रण आधी मागे घ्यायचं, म्हणजे तीन आठवडे लवकर मोजायला लागतात.

मग निवडीचा प्रश्न आला. मी तिला विचारलं, ‘तुला समोरच्याकडून काय हवंय?’ ती म्हणाली, ‘नोकरी.’ मी म्हटलं, अनोळखी माणूस नोकरी देऊ शकत नाही. तो एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. तुझा प्रश्न काय आहे? त्याला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने मला लिहून पाठवलं, ‘टायट्रेशनच्या लॅबमधून एचपीएलसीच्या लॅबमध्ये जे गेले, ते आधी पैसे भरून कोर्स करून गेले की कामावरच शिकले?’ कारण कोर्सला पैसे लागत होते, आणि ते भरून उपयोग नाही झाला तर मार्चनंतर हातात काहीच राहिलं नसतं.

प्रश्न इतका नेमका झाला की कोणाला विचारायचं ते आपोआप ठरतं. व्हाइस प्रेसिडेंटला याचं उत्तर माहीत नसतं. त्याने शेवटचं ब्युरेट पंचवीस वर्षांपूर्वी धरलेलं असतं. याचं उत्तर त्याच्याकडे आहे जो तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या जागी होता. आपल्याला असं वाटतं की जितका मोठा माणूस तितका उपयोग जास्त. इथे उलटं आहे. दोन पायऱ्या वरचा माणूस हात देऊ शकतो, गच्चीवरच्याला आपण दिसतच नाही. शिवाय फार मोठ्या लोकांच्या पानावर पुष्कळदा Connect ऐवजी Follow हेच बटण समोर असतं. तेही चालतं, त्यांचं लिखाण आपल्याला दिसत राहतं आणि त्यासाठी निमंत्रण खर्च होत नाही.

अशी माणसं शोधायची कुठे? प्रत्येक कॉलेजच्या पानावर Alumni असा भाग आहे. तिथे त्या कॉलेजातून बाहेर पडलेली माणसं आज कुठे राहतात, कुठल्या कंपनीत आहेत आणि कुठल्या प्रकारचं काम करतात, अशा चाळण्या लावता येतात. तिने आपल्या कॉलेजला नवी मुंबई परिसराची आणि गुणवत्ता विभागाची चाळणी लावली. मुंबई विद्यापीठाच्या पानावर तेच केलं असतं तर हजारो नावं आली असती. इथे बावीस आली. लहान कॉलेजचा हा फायदा असतो.

बावीसातून तिने प्रत्येक पान उघडून वाचलं. तीन गोष्टी बघितल्या. या माणसाची वाट आपल्यासारखी आहे का, म्हणजे धाटाव, महाड किंवा लोट्याच्या कारखान्यातून तो औषधांकडे गेला आहे का? तो आपल्यापेक्षा फार पुढे तर नाही ना? आणि तो हे खातं उघडतो का? शेवटचं कसं कळतं, तर पानावर त्याच्या अलीकडच्या हालचाली दिसतात: काही लिहिलंय, कोणाचं अभिनंदन केलंय. ज्याच्या पानावर दोन वर्षं सामसूम आहे, त्याला चिठ्ठी लिहिणं म्हणजे बंद घराच्या फटीतून पत्र टाकणं. या तिसऱ्या गोष्टीवरच बरीच नावं गळाली.

शेवटी महिन्याच्या पाच चिठ्ठ्या अशा ठरल्या. पहिली, तिच्याच कॉलेजची, तिच्या तीन वर्षं आधीची एक मुलगी. धाटावला होती, आता तळोज्याला एचपीएलसीवर काम करते. दुसरा, महाडच्या एमआयडीसीतून नवी मुंबईला गेलेला एकजण. तिसरे, एका औषध कंपनीच्या लॅबचे प्रमुख. कॉलेजचे नव्हेत, पण पेणचे, आणि स्वतः नवीन मुलांसाठी अधूनमधून लिहिणारे. चौथ्या, एक एचआर मॅडम. एचआरना उगाच निमंत्रणं पाठवू नयेत, पण एखाद्या नोकरीच्या जाहिरातीखाली भरती करणाऱ्या व्यक्तीचं नाव छापलेलं असतं, तेव्हा त्या व्यक्तीला लिहायला हरकत नाही, ती त्याच कामासाठी बसलेली आहे. आणि पाचवी चिठ्ठी कोणालाच लिहायची नाही, ती महिनाअखेरपर्यंत हातात ठेवायची. पाचवीचं काय झालं ते पुढे सांगते.

आता चिठ्ठीत लिहायचं काय? इथल्या ज्येष्ठांना तार आठवत असेल. शब्दावर पैसे लागायचे, म्हणून ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ असं कोणी लिहीत नसे. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ती शिस्त इथे उपयोगी पडते.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे, जी माझ्या धंद्यातली आहे. आपण शाळेत अक्षर म्हणून जे मोजतो आणि संगणक जे मोजतो, ते वेगळं. ‘नमस्कार’ या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात: न, म, स्का, र. संगणकासाठी काना वेगळा आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. त्यामुळे तो सात मोजतो. ‘केमिस्ट्री’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, त्याला दहाचा. म्हणजे २०० ची जागा मराठीत दिसते त्याहून बरीच लहान आहे. म्हणून लिहून झाल्यावर अंदाज करू नका, चौकटीखालचा आकडा बघा. जोडाक्षरांनी भरलेले भारदस्त शब्द काढले की जागा होते. ‘मार्गदर्शन’ या एका शब्दाला दहा लागतात, ‘विचारू?’ सातांत होतं, आणि समोरच्याला ‘विचारू’ जास्त कळतं. इंग्रजीत लिहायचं की मराठीत, हे समोरच्याच्या पानावरून ठरवावं. रोह्या-पेणच्या माणसाला मराठीत लिहिलेलं आवडतं असा आमचा अनुभव आला.

तिची पहिली चिठ्ठी मी तिच्या परवानगीने वाचून दाखवते:

‘नमस्कार मॅडम. मी वरसेची, रोह्यातून बीएस्सी केमिस्ट्री. धाटावला क्यूसीत दोन वर्षं, टायट्रेशन करते. एचपीएलसी शिकण्यासाठी तुम्ही आधी कोर्स केला की कामावरच शिकलात? एवढंच विचारायचं होतं.’

पडद्यावरच्या मोजणीने ही १८१ होते. यात काय आहे ते बघा. पहिल्या वाक्यात दोघींना सामाईक अशी जागा. दुसऱ्यात ही कोण, हे कामाच्या शब्दांत. तिसऱ्यात एकच प्रश्न, ज्याचं उत्तर बसमध्ये उभ्या उभ्या एका ओळीत देता येतं. शेवटी ‘एवढंच’ हा शब्द फार महत्त्वाचा, कारण त्याने समोरच्याला कळतं की यातून आणखी काही गळ्यात पडणार नाही. यात ‘नोकरी’ हा शब्द नाही. आपला सीव्ही बघा असंही नाही. आणि ही चिठ्ठी जशीच्या तशी दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही. तीच तिची परीक्षा आहे. जी चिठ्ठी नाव बदलून पन्नास जणांना चालेल, ती एकालाही पाठवू नये.

मला स्वतःला रोज निमंत्रणं येतात, त्यामुळे समोरून काय दिसतं ते मी सांगू शकते. पुष्कळ चिठ्ठ्या ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होतात. मी सर नाही, हे माझा फोटो बघूनही कळतं. म्हणजे पान उघडलेलंच नाही. बहुतेक निमंत्रणांना चिठ्ठी नसते आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. चिठ्ठी नसेल तेव्हा मला चार गोष्टी दिसतात: नाव, फोटो, नावाखालची ओळ आणि आमच्या दोघांच्या ओळखीचं कोणी आहे का. यातली नावाखालची ओळ तुमच्या हातात आहे. तिला २२० अक्षरांची जागा आहे आणि ती प्रत्येक निमंत्रणासोबत फुकट जाते. ती महिन्याच्या पाचांत मोजली जात नाही. आपल्या मुलीची ओळ होती, ‘संधीच्या शोधात’. यावरून वाचणाऱ्याला काही कळत नाही. आम्ही ती बदलून ‘क्यूसी केमिस्ट, धाटाव (रोहा), टायट्रेशन आणि कच्च्या मालाची तपासणी, एचपीएलसी शिकते आहे’ अशी केली. मग बावीसातल्या ज्यांच्याशी तिची कोणी ना कोणी सामाईक ओळख होती, त्यांना तिने चिठ्ठीशिवाय साधी निमंत्रणं पाठवली, आठवड्याला पाच-सहा. वर्गमित्र, जुने सहकारी यांनाही साधंच पाठवायचं. जो चेहऱ्याने ओळखतो त्याच्यावर चिठ्ठी खर्च करायची नाही.

एक बारीक गोष्ट. सुचवलेल्या नावांच्या यादीतून Connect दाबलं तर निमंत्रण तडक जातं, चिठ्ठीचं विचारतच नाही. म्हणून ज्याला चिठ्ठी लिहायची त्याचं पान उघडूनच पाठवावं, आणि मजकूर आधी दुसरीकडे लिहून, मोजून ठेवावा.

आता निकाल. सगळ्या चिठ्ठ्या तिने एका दिवशी पाठवल्या नाहीत, आठवड्याला एक-दोन, कारण उत्तर आलं तर त्याला नीट उत्तर द्यायला वेळ हवा. लॅबप्रमुखांकडून काहीच आलं नाही. महाडवाल्याने स्वीकारलं, पण बोलला नाही. एचआर मॅडमनी एका ओळीत कळवलं की आत्ता जागा अनुभवींसाठीच आहे, रविवारी वॉक-इन असतो तेव्हा बघा. आणि पहिल्या मुलीचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. लांबलचक, मराठीत.

तिने लिहिलं होतं, कोर्स मी केला नाही. तुझ्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ असेल तर त्याच्यावर उभी राहा. तिथे द्रवाऐवजी वायू असतो, पण आलेख तसाच, घटक बाहेर यायला लागणारा वेळ बघायचा तसाच, शिखराखालचं क्षेत्रफळ मोजायचं तसंच. मुलाखतीत यंत्राची बटणं विचारत नाहीत. आलेखाची तळरेघ सरकायला लागली तर तू काय तपासशील, असं विचारतात. आणि माझ्यासोबत एक मुलगा आहे, तो गेल्या वर्षी असाच आला, त्याला माझं नाव सांगून विचार.

पाचवी चिठ्ठी त्या मुलाला गेली. तिची सुरुवात मॅडमच्या नावाने होती, आणि ती त्याच दिवशी स्वीकारली गेली. म्हणून एक चिठ्ठी हातात ठेवायची. चांगलं उत्तर आलं की त्यातून पुढचं नाव निघतं, आणि त्या वेळी चिठ्ठ्या संपलेल्या असतील तर दार उघडं असून आत जाता येत नाही.

तिच्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ होता. सीनिअर लोकच त्याला हात लावायचे. तिने इन्चार्जना विचारलं आणि आपली ड्यूटी संपल्यावर रोज तासभर ती तिथे उभी राहू लागली. फेब्रुवारीअखेरच्या रविवारी एका वॉक-इनला गेली. तिला तळरेघेचाच प्रश्न विचारला. एप्रिलपासून ती तळोज्याला आहे, प्रशिक्षणार्थी म्हणून. सुरुवातीचा पगार धाटावपेक्षा फारसा जास्त नाही, आणि पनवेलला खोलीचं भाडं जातं. पण कामाचा नवा हात आला आणि ठेकेदार गेला.

हे सगळं लिंक्डइनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. रोजचा तो तास तिचा आहे. पण कोणत्या यंत्रापुढे उभं राहायचं हे तिला एका अनोळखी मुलीने सांगितलं, आणि ती मुलगी तीनशे निमंत्रणांत नव्हती, बावीसांत होती.

आपण चुकत असू तर ते कसं ओळखायचं, तेही सांगते. महिन्याच्या शेवटी दोनच आकडे लिहून ठेवा: किती पाठवली आणि किती स्वीकारली गेली. साध्या दहा निमंत्रणांपैकी तीनसुद्धा स्वीकारली जात नसतील, तर शब्द बदलत बसू नका, यादी बदला. हा माझा ठोकताळा आहे. स्वीकारली जातात पण कोणी बोलत नाही असं असेल, तर मात्र प्रश्न बदला, तो बहुधा फार मोठा किंवा फार मोघम आहे. आपोआप शेकडो निमंत्रणं पाठवून देणारी सॉफ्टवेअरं विकायला येतात, त्यांच्या नादाला लागू नका. लिंक्डइनच्या नियमांत ते बसत नाही आणि त्यात खातंच जाऊ शकतं. निमंत्रण स्वीकारून लगेच नोकरीसाठी पैसे मागणारा भेटला, तर बोलणं तिथेच थांबवा.

शेवटी, खुर्च्यांवर बसलेल्या आपल्या पिढीसाठी दोन कामं. आपल्या शाळेची मुलं आपल्याला शोधतात तेव्हा आपण सापडत नाही, कारण आपणच शाळेचं आणि गावाचं नाव हवं तसं लिहिलंय. मी काल रात्री बघितलं. कोणी Varse लिहिलंय, कोणी Warse, कोणी Varase. तालुका कोणी Roha लिहिलाय, कोणी Rohe. संगणकाला ही वेगवेगळी गावं आहेत. समितीशी बोलून आपण एकच स्पेलिंग ठरवलं आहे आणि ते जेवणाच्या मंडपाबाहेर फळ्यावर लिहिलं आहे. आज घरी गेल्यावर शिक्षणाच्या रकान्यात शाळेचं नाव तसंच टाका. बहुतेकांनी कॉलेजपासून सुरुवात केली आहे, शाळा लिहिलेलीच नाही. लिहा.

दुसरं काम, आपल्याकडे आलेली आणि पडून राहिलेली निमंत्रणं एकदा उघडून बघा. त्यात वरसे, रोहा, धाटाव असं काही दिसलं तर ते स्वीकारा, आणि प्रश्न असेल तर एक ओळ उत्तर द्या. त्या मुलाने महिन्याच्या पाचांतली एक चिठ्ठी तुमच्यावर खर्च केलेली असते.

वेळ संपली अशी खूण सरांनी केली आहे. शाळेत असतानाही ते अशीच करायचे.